गाडी आणि कामगारांच्या जेवणाचं जीएसटी क्रेडिट का मिळत नाही

प्रश्न: भोसरीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड, 38 माणसं. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीच्या नावावर पेट्रोल गाडी घेतली, त्यावर 1,44,000 जीएसटी. कामगारांचं दुपारचं जेवण केटररकडून येतं. दोन्ही बिझनेससाठीच आहे, पोर्टलवरच्या खरेदी-बिलांच्या GSTR-2B यादीत क्रेडिट दिसत होतं म्हणून घेतलं. आता नवीन सीए म्हणतायत परत करा. आणि जुन्या अकाउंटंटने माल पोचवायच्या पिकअपच्या इन्शुरन्सचं क्रेडिट पण सोडून दिलंय, ते बरोबर आहे का?

उत्तर:

तुमचे नवीन सीए गाडीच्या आणि जेवणाच्या बाबतीत बरोबर आहेत, आणि पिकअपच्या बाबतीत जुना अकाउंटंट चुकलाय. या दोन्ही गोष्टी एकाच मुद्द्यावरून सुटतात, म्हणून आधी तोच मुद्दा घेते. मी गेली सतरा वर्षं भोसरी, चाकण, तळेगाव भागातल्या लहान कारखान्यांचं काम बघते, आधी एक्साइज आणि सर्व्हिस टॅक्स होता, मग जीएसटी आला, आणि हा गैरसमज मला दर आर्थिक वर्षात किमान चार-पाच क्लायंटकडे तरी सापडतो.

तुम्ही स्वतःला विचारलेला प्रश्न "ही खरेदी बिझनेससाठी आहे का" असा होता, आणि त्याचं उत्तर हो आहे, त्यात काही वाद नाही. पण गाडी आणि जेवणाच्या बाबतीत कायदा हा प्रश्न विचारतच नाही. सीजीएसटी कायद्याचं कलम 16 म्हणतं की धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या वस्तू-सेवांवरचं क्रेडिट मिळेल, आणि लगेच पुढे कलम 17 चं पोटकलम 5 येतं, त्याची सुरुवातच अशी आहे की कलम 16(1) मध्ये काहीही म्हटलेलं असलं तरी खालच्या गोष्टींचं क्रेडिट मिळणार नाही. म्हणजे धंद्यासाठी आहे हे मान्य करूनच कायदा नाही म्हणतोय. म्हणून तुम्ही लॉगबुक दाखवलं, गाडी फक्त कस्टमरकडे जायलाच वापरतो असं शपथपत्र दिलं, तरी उत्तर बदलत नाही. योग्य प्रश्न दोनच, वस्तू यादीत आहे का, आणि यादीत असेल तर त्याच ओळीखाली दिलेल्या अपवादात मी बसतो का.

आता "का" हा भाग, कारण तो कळल्याशिवाय लोकांना हे अन्यायाचं वाटत राहतं. जीएसटी हा शेवटी उपभोगावरचा कर आहे. तुम्ही लेथ मशीन घेतलंत तर ते कोणी घरी नेऊन वापरत नाही, त्यातून पार्ट तयार होतो, पार्टवर कर लागतो, म्हणून मशीनवरचा कर पुढे सरकवायला हरकत नाही. पण मोटारकार संचालकांच्या दारात उभी असते, सोमवारी ती चाकणला जाते आणि रविवारी महाबळेश्वरला, आणि जेवण तर माणूसच जेवतो, मशीन नाही. ज्या खर्चात धंदा आणि खाजगी वापर एकमेकांत मिसळलेला आहे तिथे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक किलोमीटरचा आणि प्रत्येक ताटाचा हिशोब तपासणं खात्याला शक्य नाही, आणि तपासायला गेलं तर प्रत्येक केसमध्ये भांडण होईल. म्हणून कायद्याने सरळ रेघ ओढलीय, काही प्रकारच्या खरेदीत शेवटचा ग्राहक कंपनीलाच धरायचं. त्यात तुमच्यासारखा एखादा खरोखर फक्त कामासाठी गाडी वापरणाराही सापडतो, हे मला मान्य आहे, पण रेघेचा स्वभावच तसा असतो.

"पूर्वी तर मिळायचं" असं तुमचे जुने अकाउंटंट म्हणत असतील तर ते अगदीच खोटं नाही. जीएसटीच्या आधी सेनव्हॅट क्रेडिट होतं त्या काळात, 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाने अल्ट्राटेक सिमेंटच्या प्रकरणात कारखान्याच्या कॅन्टीनच्या केटरिंगवरचं क्रेडिट मान्य केलं होतं, आणि तो निकाल आम्ही खूप वापरला. मग सरकारने 1 एप्रिल 2011 पासून इनपुट सर्व्हिसची व्याख्याच बदलली आणि कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक उपभोगासाठी असलेलं केटरिंग, आरोग्य विमा, क्लबची मेंबरशिप वगैरे बाहेर काढलं. जीएसटी आला तेव्हा हीच विचारसरणी 17(5) मध्ये आली. म्हणजे हा काही जीएसटीचा नवा शोध नाही, पण 2011 च्या आधी धंद्यात असलेल्या लोकांच्या डोक्यात जुना निकाल अजून पक्का बसलेला आहे.

आता गाडी. 17(5)(अ) ची सध्याची भाषा 1 फेब्रुवारी 2019 पासूनची आहे. माणसं नेण्यासाठीची मोटार, ड्रायव्हर धरून मंजूर आसनसंख्या 13 पेक्षा जास्त नाही, अशा गाडीचं क्रेडिट बंद. त्याला तीन अपवाद आहेत, गाडी पुढे विकणं, प्रवासी वाहतूक, आणि गाडी चालवायला शिकवणं. पण हे तिन्ही अपवाद गाडी "अशा करपात्र पुरवठ्यासाठी वापरत असाल तर" या शब्दांत आहेत, आणि गंमत नाही, सगळं त्या शब्दांत आहे. तुमच्या इंजिनिअरला तुम्ही कस्टमरकडे नेता तेव्हा प्रवासी वाहतूक होते खरी, पण तुम्ही त्याला तिकीट लावत नाही, त्याच्यावर जीएसटी आकारत नाही, तुमचा धंदा पार्ट बनवायचा आहे. कॅब ऑपरेटरचा धंदा मात्र प्रवासी वाहतुकीचाच असतो, तिथे त्याला मिळू शकतं, तेही तो कोणत्या दराने कर लावतो त्यावर. मोटार ड्रायव्हिंग स्कूलला मिळतं. डीलरला विकायच्या गाड्यांचं मिळतं. वर्कशॉपला नाही.

इथे एक गोष्ट लोक हमखास चुकतात, ती म्हणजे 13 चा आकडा. तो गाडीच्या किमतीवर किंवा साइजवर नाही, आरसीवर लिहिलेल्या आसनसंख्येवर आहे, आणि त्यात ड्रायव्हर धरलेला आहे. म्हणून 17 सीटची ट्रॅव्हलर कामगारांच्या ने-आणीसाठी घेतली किंवा भाड्याने लावली तर ती या कलमात येतच नाही आणि क्रेडिट मिळतं, आणि त्याच कामगारांना दोन सात सीटच्या गाड्यांत आणलं तर मिळत नाही. भाड्याने घेतलेल्या गाडीलाही हाच नियम आहे, 17(5)(ब) मध्ये लीज, भाडं आणि हायर हे शब्द याच 13 सीटच्या गाड्यांना जोडलेले आहेत. माझ्या एका क्लायंटने निगडीहून येणाऱ्या कामगारांसाठी लावलेल्या बसचं क्रेडिट चार वर्षं सोडलं होतं, कारण कोणीतरी त्यांना सांगितलं की "गाड्यांचं क्रेडिट मिळत नाही". आरसी मागवली तर 26 सीट. जुन्या वर्षांचं तर मुदत संपल्यामुळे गेलंच.

इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग गाडीच्या मागे जातं. गाडीचं क्रेडिट बंद असेल तर तिच्या विम्याचं, दुरुस्तीचं आणि देखभालीचंही बंद, गाडीचं क्रेडिट मिळत असेल तर त्यांचंही मिळतं. म्हणून तुमच्या नवीन गाडीच्या पॉलिसीवर जो जीएसटी आहे तोही तपासा, बहुतेक तोही घेतला असणार. आणि याच नियमाने पिकअप सुटते. पिकअप ही माल वाहायची गाडी आहे, आरसीवर गुड्स कॅरियर लिहिलेलं असतं, आणि कलमात शब्द आहे तो माणसं नेणाऱ्या गाडीचा. म्हणून पिकअपच्या खरेदीचं, विम्याचं आणि सर्व्हिसिंगचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, फक्त पॉलिसी कंपनीच्या नावावर आणि तुमचा जीएसटी नंबर टाकून घेतलेली हवी, वैयक्तिक नावाने काढलेली नाही.

जेवणाकडे येऊ. केटरर तुम्हाला 5 टक्के लावत असेल, म्हणजे महिन्याचं बिल 65,000 असेल तर कर 3,250, वर्षाला 39,000. रक्कम गाडीपेक्षा लहान आहे पण दर महिन्याला चुकते, म्हणून बारा ठिकाणी सापडते. 17(5)(ब) मध्ये खाद्यपदार्थ, पेयं आणि आउटडोअर केटरिंग स्पष्ट लिहिलेलं आहे. अपवाद दोन आहेत. पहिला, जर तुम्ही स्वतः तीच सेवा पुढे विकत असाल, किंवा ती एखाद्या करपात्र पॅकेजचा भाग असेल, जसं दोन दिवसांचं ट्रेनिंग घेणारी संस्था जेवणासकट फी घेते, तिथे मिळू शकतं. तुम्ही कामगारांना जेवण विकण्याचा धंदा करत नाही, म्हणून हा तुम्हाला नाही.

दुसरा अपवाद जास्त महत्त्वाचा आहे आणि जास्त चुकीचा वापरला जातो. मालकाने कर्मचाऱ्यांना ती सुविधा देणं एखाद्या कायद्याने बंधनकारक असेल तर क्रेडिट मिळतं. हा अपवाद फक्त शेवटच्या उपकलमाला की सगळ्या (ब) ला, यावर आधी वाद होता, तो 6 जुलै 2022 च्या परिपत्रक 172 ने मिटला, तो सगळ्या (ब) ला लागतो. पण शब्द "कायद्याने" असा आहे. नेमणूकपत्रात लिहिलंय, युनियनशी करार आहे, चांगल्या कंपन्या देतातच, आसपास हॉटेल नाही, जेवण दिलं नाही तर माणसं टिकत नाहीत, ही सगळी कारणं खरी असली तरी कायदा नाहीत.

कॅन्टीनचं बंधन कुठे आहे ते बघू. कारखाने कायदा 1948 चं कलम 46 हे 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात कॅन्टीनसाठी 100 कामगारांचा आकडा आहे आणि कंत्राटी कामगारही मोजले जातात. तुम्ही 38, म्हणजे दोन्ही आकड्यांपेक्षा बरेच कमी, तुमच्यावर कॅन्टीनचं बंधन नाही, आणि म्हणून तुमच्या केटररच्या बिलाचं क्रेडिट नाही. ज्यांचे 90-95 कामगार आहेत आणि वर दहा-बारा कंत्राटी, त्यांनी मात्र हजेरीपट नीट मोजून बघायला हवा, कारण तिथे खरंच उत्तर बदलू शकतं. आणि ज्यांना मिळतं त्यांनीही कामगारांच्या पगारातून जेवणाचा जो वाटा कापला जातो तेवढ्या भागाचं क्रेडिट धरू नये, कारण तो खर्च कंपनीने सोसलेलाच नाही, माझी पद्धत हीच आहे.

कायद्याच्या बंधनाचा हाच अपवाद भाड्याने घेतलेल्या गाड्यांनाही लागतो, म्हणून सांगून ठेवते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात स्त्री कर्मचाऱ्यांना त्यांच्या संमतीने रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळात काम करू द्यायचं असेल तर घरापर्यंतच्या वाहनाची सोय करावी लागते. हिंजवडीतल्या माझ्या एका क्लायंटच्या रात्रपाळीच्या कॅबचं क्रेडिट आम्ही याच आधारावर घेतो, पण फक्त त्या वेळेतल्या आणि फक्त त्या कर्मचाऱ्यांच्या फेऱ्यांचं, व्हेंडरकडून तसं वेगळं बिल घेऊन. दिवसपाळीच्या कॅबचं नाही. एकाच बिलात दोन्ही आलं तर वेगळं काढायचा पुरावा तुमच्याकडे हवा, नाहीतर अधिकारी सगळंच नाकारतो, आणि मला त्याचं म्हणणंही समजतं.

आता GSTR-2B मध्ये क्रेडिट "उपलब्ध" दिसतं याचा अर्थ काय. तिथे पोर्टल फक्त एवढंच बघतं की डीलरने तुमच्या नंबरवर बिल टाकलंय का, मुदतीत आहे का, आणि ठिकाणाचा मेळ बसतो का. गाडी आहे की मशीन, तुम्ही तिचं काय करता, हे सिस्टीमला माहीतच नसतं. म्हणून 17(5) ची चाळणी तुम्हालाच लावावी लागते आणि 2B हे कधीच तुमचं संरक्षण होत नाही. काही लोक आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या जागी, असं बिल रिजेक्ट करतात, ते करू नका, बिल खरं आहे, पुरवठा झालाय. बिल स्वीकारायचं, ते GSTR-3B या कर भरायच्या रिटर्नच्या 4(A)(5) मध्ये आपोआप येतं, आणि मग तेवढी रक्कम 4(B)(1) मध्ये वजा करायची. 4(B)(1) हीच 17(5) ची जागा आहे. 4(B)(2) मध्ये टाकायचं नाही, ती जागा नंतर परत घेता येणाऱ्या क्रेडिटची आहे, आणि तिथे टाकलेलं पुढे कोणीतरी चुकून परत घेतं. जुलै 2022 च्या परिपत्रक 170 मध्ये हे सगळं उदाहरणासकट दिलेलं आहे.

तुमच्या गाडीचा हिशोब करून दाखवते, आकडे तुमच्या प्रश्नावरून आणि काही मी समजून धरलेत, तुमच्या लेजरप्रमाणे बदला. गाडी 8,00,000, त्यावर 18 टक्के म्हणजे 1,44,000, डीलर महाराष्ट्रातला म्हणून सीजीएसटी 72,000 आणि एसजीएसटी 72,000. नोव्हेंबरच्या 3B मध्ये ते घेतलं, रिटर्न भरलं 18 डिसेंबर 2025 ला. समजा त्याच रिटर्नमध्ये कर भरल्यावर क्रेडिट लेजरची शिल्लक 20,000 वर आली. नियम 88B सांगतो की चुकीचं घेतलेलं क्रेडिट तेव्हा "वापरलं" असं धरायचं जेव्हा लेजरची शिल्लक त्या क्रेडिटच्या रकमेच्या खाली जाते, आणि जितकी खाली गेली तितकंच वापरलं. म्हणून इथे वापरलेली रक्कम 1,44,000 वजा 20,000 म्हणजे 1,24,000. व्याज 18 टक्के, फक्त या 1,24,000 वर. समजा तुम्ही मार्चच्या 3B मध्ये 18 एप्रिल 2026 ला परत करता, 121 दिवस होतात, तर व्याज 1,24,000 गुणिले 18 टक्के गुणिले 121 भागिले 365, म्हणजे साधारण 7,399 रुपये. क्रेडिटची 1,44,000 रक्कम 4(B)(1) मध्ये उलटवायची, आणि व्याज कॅश लेजरमधून भरायचं, क्रेडिटमधून नाही.

आता समजा तुमची शिल्लक पहिल्यापासून शेवटपर्यंत कधीच 1,44,000 च्या खाली गेली नसती, तर व्याज शून्य. म्हणून आधी क्रेडिट लेजर डाउनलोड करून नोव्हेंबरपासून आजपर्यंतची प्रत्येक रिटर्ननंतरची शिल्लक एका ओळीत लिहून काढा. हे न करता पूर्ण रकमेवर व्याज भरलेले लोक मी बघितलेत. आणि जेवणाचं पण यात मिसळतं, महिन्यामहिन्याने 3,250 वाढत जातं, म्हणून शिल्लकेशी तुलना करताना गाडी आणि जेवण एकत्र धरून करा.

नोटीस येण्याआधी स्वतःहून केलंत तर तेवढंच राहतं. माझ्या एका क्लायंटने 2021 साली अशीच गाडी घेतली होती, त्या वेळी दर 28 टक्के, 9,00,000 वर 2,52,000 क्रेडिट आणि सेस वेगळा. आधीच्या सल्लागाराने "गाडी फॅक्टरीत उभी असते, बिनधास्त घ्या" म्हणून सांगितलं होतं. बावीस महिन्यांनी पडताळणीत सापडलं, क्रेडिट लगेच वापरलेलं होतं म्हणून व्याज जवळपास 83,000 झालं, आणि तोपर्यंत नोटीस आलेली असल्याने दंडाचाही प्रश्न आला. मला सगळ्यात वाईट वाटलं ते हे की त्याने काही लपवलं नव्हतं, लेजरमध्ये "मोटारकार" असंच स्पष्ट नाव होतं, कोणी एकदा वाचलं असतं तरी थांबलं असतं.

क्रेडिट न मिळणं म्हणजे पैसे पूर्ण बुडणं नाही, हेही लक्षात घ्या, कारण रागाच्या भरात लोक ही बाजू सोडून देतात. न मिळालेले 1,44,000 गाडीच्या किमतीत धरायचे, म्हणजे खात्यात गाडी 9,44,000 ची, आणि त्यावर आयकरात 15 टक्के घसारा, नोव्हेंबरमध्ये घेतलीय म्हणून पहिल्या वर्षी निम्मा म्हणजे 7.5 टक्के. कंपनीला साधारण 25 टक्के आयकर लागत असेल तर वर्षावर्षाने त्या 1,44,000 मधले 36,000 च्या आसपास आयकरात वाचतात. दोन्ही मात्र एकदम नाही, कलम 16(3) सांगतं की कराच्या रकमेवर घसारा घेतला तर क्रेडिट मिळणार नाही. तुमच्या आधीच्या नोंदीत क्रेडिट घेतल्यामुळे गाडी 8,00,000 ला चढवली असणार, ती नोंद 31 मार्चच्या आत दुरुस्त करून घ्या. जेवणाच्या कराचं सोपं आहे, तो सरळ कर्मचारी कल्याण खर्चात धरायचा.

आणि गाडी विकताना याचा खरा फायदा दिसतो. ज्या जुन्या गाडीवर क्रेडिट घेतलेलं नाही ती विकताना जीएसटी पूर्ण किमतीवर लागत नाही, विक्रीची किंमत वजा घसारा घेऊन उरलेली किंमत एवढ्या फरकावरच 18 टक्के लागतो, आणि फरक उणे आला तर शून्य. तुमची गाडी 9,44,000 वरून पहिल्या वर्षी 8,73,200, दुसऱ्या वर्षी 7,42,220, तिसऱ्या वर्षी 6,30,887 होते. चौथ्या वर्षी 5,50,000 ला विकलीत तर फरक उणे, जीएसटी काही नाही. क्रेडिट घेतलेलं असतं तर ही सवलत मिळत नाही, 5,50,000 वर 18 टक्के म्हणजे 99,000 भरावे लागले असते. म्हणून क्रेडिट उलटवल्याचा पुरावा, म्हणजे त्या महिन्याची 3B आणि व्याजाचं चलन, गाडीच्या फाइलमध्ये ठेवा, विकताना लागेल.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. कामगारांची खरी संख्या कंत्राटी धरून किती, हे मी तुमच्या 38 वर धरलंय. गाडी कोणा संचालकाच्या नावावर आहे की कंपनीच्या, तेही बघा, कारण वैयक्तिक नावावर असेल तर वरचं घसाऱ्याचं गणितच लागू होत नाही. आणि प्रवासातल्या हॉटेलच्या बिलांचं कोणी विचारलं नाही पण तुमच्याकडे असतीलच, त्यात खोलीचं भाडं 17(5) मध्ये नाही, जेवण आहे, म्हणून बिल वेगळं लावा. नाशिकच्या हॉटेलचं खोलीभाडं घेता येतं, बेंगळुरूच्या हॉटेलने कर्नाटकचा एसजीएसटी लावला असेल तर तो तुमच्या पुण्याच्या नंबरला कामाचा नाही, तो यादीमुळे नाही तर ठिकाणामुळे जातो.

पिकअपचं मात्र आत्ताच हातात घ्या. 2025-26 च्या बिलांचं राहिलेलं क्रेडिट 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी असेल तोपर्यंतच घेता येतं. पॉलिसीवर नंबर नसेल तर इन्शुरन्स कंपनीकडून एंडॉर्समेंट करून 2B मध्ये येईपर्यंत एखादा महिना जातोच, म्हणून पॉलिसी आणि आरसी दोन्ही काढून नाव, जीएसटी नंबर आणि वाहनाचा प्रकार या तीन ओळी आज तपासा.